अभिरूप मुलाखत आणि अभिप्रायाची आठ मिनिटे

महाविद्यालयाच्या अंतिम वर्षातील विद्यार्थी नोकरीच्या खऱ्या मुलाखतीला सामोरे जाण्यापूर्वी त्यांची जी सराव मुलाखत घेतली जाते, तिला स्पर्धा परीक्षांच्या वर्तुळात ‘अभिरूप मुलाखत’ म्हणतात आणि अभियांत्रिकी वा वाणिज्य महाविद्यालयांत नुसते ‘मॉक’ म्हटले जाते. दोन्हींचे बाह्यरूप सारखेच असते, म्हणजे टेबलापलीकडे तीन-चार जणांचे पॅनल, अलीकडे एक खुर्ची आणि बाहेर व्हरांड्यात फाइल छातीशी धरून थांबलेली रांग. तथापि त्यांचे हेतू वेगळे आहेत. लोकसेवा आयोगाच्या धर्तीवरील अभिरूप मुलाखतीत उमेदवाराने अर्जात भरलेली माहिती, त्याचा जिल्हा, पदवीचा विषय आणि छंद यांवरून प्रश्न निघतात, आणि बुलढाणा जिल्ह्यातील उमेदवाराला लोणारचे सरोवर वा सिंदखेडराजा कधी विचारले जाईल याचा नेम नसतो. कॅम्पस भरतीच्या मॉकमध्ये मात्र रिझ्युमेतील प्रकल्प आणि विषयाचे मूलभूत ज्ञान यांनाच बहुतेक वेळ जातो. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून अराजपत्रित ‘ब’ गटातील आणि ‘क’ व ‘ड’ गटांतील पदांसाठी मुलाखत बंद केल्यामुळे सरकारी नोकरीच्या मोठ्या भागात मुलाखत हा टप्पा उरलेला नाही, आणि साहजिकच महाविद्यालयीन सराव मुलाखतीचा भर खाजगी कंपन्या, बँकांतील अधिकारी पदे आणि राजपत्रित पदे यांच्याकडे सरकला आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यात वसलेल्या सोनाळ्यासारख्या गावातला विद्यार्थी या व्यवस्थेशी कसा जोडला जातो, हे पाहिल्यास तिची घडण अधिक स्पष्ट होते. अभियांत्रिकीचे शिक्षण घ्यायचे तर त्याला गावाबाहेर पडावे लागते. जिल्ह्यातच शेगावला 1983 साली सुरू झालेले श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि शेजारी अकोला आहे. वसतिगृहात राहणाऱ्यांचा प्रश्न नसतो, पण वरवट बकालकडून एसटीने रोज ये-जा करणाऱ्यासाठी सकाळी साडेनऊचा स्लॉट आणि दुपारी दोनचा स्लॉट या एकाच मापाच्या गोष्टी नव्हेत, कारण सकाळच्या पहिल्या फेरीत तो उभ्याने प्रवास करून, घामेजलेल्या शर्टाने, धापा टाकत पोहोचतो आणि त्याचा चेहरा पाहून पॅनल जे अनुमान काढते ते त्याच्या तयारीविषयी नसून गाडीविषयी असते. हजेरी क्रमांकानुसार स्लॉट लावण्याची जी सर्रास पद्धत आहे ती कार्यालयाच्या सोयीची आहे. प्रवासाचे अंतर विचारून स्लॉट लावण्यास टीपीओला, म्हणजे प्रशिक्षण व नियुक्ती अधिकाऱ्याला, फार तर एक संध्याकाळ अधिक लागते.

स्लॉटचे गणित एकदा नीट मांडून पाहण्याजोगे आहे. समजा एका शाखेत साठ विद्यार्थी आहेत. एका विद्यार्थ्यासाठी बारा मिनिटे प्रश्नोत्तरे, त्यानंतर त्याला बाहेर बसवून सदस्यांनी गुण व टिपणे लिहिण्यासाठी तीन मिनिटे, पुन्हा आत बोलावून अभिप्रायासाठी आठ मिनिटे आणि पुढचा विद्यार्थी येईपर्यंत दोन मिनिटे धरली, तर एक स्लॉट पंचवीस मिनिटांचा होतो. तीन पॅनल असतील तर प्रत्येकाकडे वीस विद्यार्थी येतात आणि त्यांना पाचशे मिनिटे, म्हणजे आठ तास वीस मिनिटे लागतात, जी एका दिवसात बसत नाहीत. दोन दिवस धरले तर रोज दहा स्लॉट होतात: साडेदहाला सुरुवात, पाच स्लॉट झाल्यावर 12.35 ते 1 हा एक रिकामा स्लॉट, मग अर्धा तास जेवण, आणि दीडपासून पुन्हा पाच स्लॉट, जे 3.35 ला संपतात व गावाकडची गाडी गाठण्यास वेळ उरतो. मधला रिकामा स्लॉट उधळपट्टी वाटतो, आणि वेळापत्रक मंजूर करताना नेमका तोच कापला जातो. पण प्रत्येक मुलाखत पाचच मिनिटे लांबली तरी पाच विद्यार्थ्यांनंतर बरोबर पंचवीस मिनिटांचा उशीर साचलेला असतो आणि तो जिरवायला दुसरी जागा नसते.

जागा नसली की उशीर अभिप्रायातून वसूल होतो. प्रश्न विचारणे पॅनलला आवडते, त्यामुळे बारा मिनिटांची अठरा होतात. गुण लिहिणे बंधनकारक असते, कारण पत्रक कार्यालयात जमा करायचे असते. उरतो तो अभिप्राय, ज्याची कुठे नोंद होत नाही आणि ज्याच्यावाचून कागदोपत्री काहीही अडत नाही. सगळा कार्यक्रम एकाच दिवसात उरकायचा ठरवल्यास वीस विद्यार्थ्यांना बारा-बारा मिनिटे देऊन चार तासांत काम आटोपते, पाच वाजता सभागृहात सर्वांना एकत्र बसवून ‘आत्मविश्वास वाढवा, इंग्रजी सुधारा, वाचन करा’ अशा सूचना दिल्या जातात, पुष्पगुच्छासह छायाचित्र निघते आणि मूल्यांकनाच्या फाइलमध्ये एका उपक्रमाची भर पडते. अशा दिवसाला सराव मुलाखत म्हणणे कठीण आहे, कारण ‘इंग्रजी सुधारा’ हे वाक्य ज्याला उद्देशून आहे त्यालाही ते आपल्यासाठी आहे की शेजाऱ्यासाठी, हे कळण्याचा मार्ग नसतो.

पॅनल कसे असावे याविषयी एक साधा नियम उपयोगी पडतो: विद्यार्थ्याच्या प्रकल्पाचा मार्गदर्शक त्याच्याच पॅनलवर नसावा. मार्गदर्शकाला उत्तर आधीच ठाऊक असल्याने विद्यार्थी अर्धवट बोलला तरी उरलेले तो मनात पुरे करतो, कधी मोठ्यानेही करतो. म्हणून तीन सदस्यांत एक दुसऱ्या शाखेचा वा दुसऱ्या तुकडीचा प्राध्यापक, एक बाहेरचा, म्हणजे नोकरीत असलेला माजी विद्यार्थी किंवा बँकेतला अधिकारी, आणि एक नियुक्ती विभागातला, ज्याच्याकडे प्रश्नांपेक्षा घड्याळ व टिपणांची जबाबदारी असते, अशी रचना चालते. विद्यार्थ्यांना पॅनलची माहिती आदल्या दिवशी द्यावी, पण ती सदस्यांच्या पदापुरती व क्षेत्रापुरती असावी. कोण कडक आणि कोण सौम्य ही माहिती वसतिगृहात तशीही पोहोचतेच. रिझ्युमेच्या प्रती पॅनलकडेही आदल्या दिवशीच जायला हव्यात, अन्यथा पहिली तीन मिनिटे कागद चाळण्यात जातात आणि तो वेळ काढण्यासाठी ‘स्वतःविषयी सांगा’ हा प्रश्न विचारला जातो.

गुणपत्रकात दर मुद्द्यासमोर एक ते पाच आकडे छापलेले असतात, पण आकड्याचा अर्थ लिहिलेला नसेल तर एका पॅनलचे तीन दुसऱ्याच्या चारांइतके होतात. त्यावरचा उपाय म्हणजे आकड्याशेजारी वर्णन देणे: प्रकल्पाच्या मुद्द्यावर फक्त शीर्षक व सहकाऱ्यांची नावे सांगता आली तर एक, स्वतः केलेला भाग वेगळा सांगता आला तर तीन, आणि हीच पद्धत का निवडली व कुठे फसली हेही सांगता आले तर पाच. तिघांनी आपापले गुण आपसांत न बोलता आधी लिहावेत हेही तितकेच आवश्यक असते. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1920 साली दाखवून दिले होते की वरिष्ठ अधिकारी एखाद्याच्या एका गुणावर खूश झाले की त्याचा संबंध नसलेल्या बाकीच्या गुणांनाही चढे आकडे देतात. या प्रवृत्तीला ‘प्रभामंडल परिणाम’ म्हणतात, आणि अस्खलित इंग्रजीत पाठ केलेली ओळख ऐकल्यावर प्रकल्पाच्या रकान्यातही चार पडतात, हे त्याचे महाविद्यालयीन रूप होय.

आता अभिप्रायाच्या त्या आठ मिनिटांत काय घडू शकते, ते एका कल्पित उदाहरणातून पाहता येईल. सोनाळ्याच्या परिसरात संत्र्याच्या बागा आहेत. अशा बागाईतदार घरातला एक विद्यार्थी ‘मातीतील ओलाव्यावरून ठिबकचा पंप आपोआप चालू-बंद करणे’ हा गटप्रकल्प घेऊन बसला आहे. ओळखीची पहिली दोन मिनिटे इंग्रजीत सुरळीत जातात. मग प्रश्न येतो की सेन्सरने चुकीचे वाचन दिले तर पंपाचे काय होईल, आणि तो ‘आम्ही सेन्सर बसवला, आम्ही कोड लिहिला’ याच वाक्यांभोवती फिरत राहून गप्प होतो. गुणपत्रकात इथे ‘विषयाचे ज्ञान कमी’ असे लिहिले जाण्याची दाट शक्यता असते. परंतु ज्ञान कमी आहे की भाषा अडली आहे, हे तपासण्याची साधी रीत आहे: अभिप्रायाच्या वेळी तोच प्रश्न मराठीत विचारायचा. घरच्या वऱ्हाडी वळणाच्या बोलण्यात तो सांगू लागतो की त्याने सेन्सर वडिलांच्या बागेत लावून पाहिला होता. ठिबकमधून खत सोडल्यावर माती कोरडी असूनही वाचन ओलीचे येत होते आणि काही आठवड्यांत सेन्सरच्या टोकांना गंज चढला होता. त्याचे निरीक्षण बरोबर आहे, कारण स्वस्त प्रतिकार-सेन्सर हा ओलावा थेट मोजत नाही, मातीतून वीज किती सहज वाहते ते मोजतो, आणि खताच्या क्षारांनी ती वहनक्षमता वाढते; धातूच्या टोकांमधून सतत वीज सोडल्यास विद्युत-विघटनाने ती झिजतात. त्या पॅनलसमोर त्या दिवशी याहून चांगले तांत्रिक उत्तर आले नसेल, पण वडिलांची बाग ही मुलाखतीत सांगण्याची गोष्ट नव्हे असे समजून त्याने ते बाहेरच ठेवले होते.

इथून पुढचा अभिप्राय नेमका होतो: ‘आम्ही’च्या जागी ‘मी’ कुठे म्हणायचे, बागेतली चाचणी उत्तराच्या पहिल्या वाक्यात कशी आणायची, आणि हेच चार वाक्यांत इंग्रजीत कसे सांगायचे, ते तिथल्या तिथे एकदा म्हणवून घ्यायचे. आठ मिनिटांत दोनच गोष्टी सांगून होतात आणि त्या पत्रकावर दोन ओळींत लिहिल्या जातात. सात-आठ दोष मोजून दाखवणारा सदस्य कर्तव्यदक्ष वाटतो, पण विद्यार्थी त्यातला शेवटचाच घेऊन बाहेर पडतो.

पोशाखाच्या सूचना बहुधा सर्वांत सविस्तर असतात, कारण त्या लिहिणे सोपे असते. फिका पूर्ण बाह्यांचा शर्ट, गडद पँट, पॉलिश केलेले बंद बूट. मुलींसाठी सलवार-कमीज, साडी किंवा शर्ट-पँट, यांपैकी ज्यात सहज बसता-चालता येते ते. पूर्णा खोऱ्यातील उकाड्यात कोट-टायचा आग्रह असू नये. सूचनेत एक ओळ आवर्जून हवी, ती म्हणजे असलेले स्वच्छ, इस्त्रीचे कपडे पुरतात, नवे घेण्याची गरज नाही. कारण नवे बूट त्याच दिवशी पायात घातले की टाच सोलते आणि उसना शर्ट खांद्यावर उतरतो, व दोन्हींमुळे लक्ष प्रश्नावरून उडते. एसटीने येणाऱ्यांसाठी आरसा असलेली एक खोली अर्धा तास आधी उघडी ठेवली तर पोशाखाचा अर्धा प्रश्न सुटतो. पॅनलकडून पोशाखाबाबत ‘लक्ष विचलित करणारा आहे की नाही’ एवढीच नोंद घ्यावी, त्याला गुण असू नयेत, आणि मुलांबद्दल जी टिप्पणी केली नसती ती मुलींबद्दलही होता कामा नये.

गुणपत्रकाची एक प्रत विद्यार्थ्याला मिळते. कंपन्यांकडे ती जाता कामा नये, अन्यथा चुकण्यासाठी राखलेली जागाच निवडीची जागा बनते. दोन-तीन आठवड्यांनी ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी पंधरा मिनिटांचे छोटे स्लॉट ठेवले जातात, पॅनलमध्ये आधीचा एक सदस्य असतो व बाकीचे नवे असतात, आणि त्या वेळी पुन्हा सगळे न तपासता पहिल्या पत्रकावरच्या त्या दोन ओळींचेच पुढे काय झाले, एवढे पाहिले जाते.