वाइनच्या बाटलीचा सातबारा

१३ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यूयॉर्कमध्ये सदबीजच्या लिलावात वाइनची एक बाटली ५ लाख ५८ हजार डॉलरला गेली. त्या वेळच्या दराने चार कोटी रुपयांहून जास्त. लिलावापूर्वी तिचा अंदाज फार तर ३२ हजार डॉलरचा धरला होता. बाटली होती फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतातली, रोमाने-कोंती या मळ्याची, १९४५ सालची. थोड्याच वेळात तिच्याच जोडीची दुसरी बाटली ४ लाख ९६ हजार डॉलरला गेली.

अशा बातम्या आल्या की वाइन म्हणजे सोन्यासारखी गुंतवणूक, असा समज पसरतो. पुढे कोणी तरी फोन करून ‘चांगली वाइन घेऊन ठेवा, दहा वर्षांत दामदुप्पट’ असं सांगतो आणि ऐकणाऱ्याला ते पटतं. म्हणून या एका बाटलीला एवढा भाव का आला, ते नीट पाहायला हवं. ती कारणं उरलेल्या जवळजवळ सगळ्या बाटल्यांना लागू पडत नाहीत.

पहिलं कारण माल किती होता, हे. रोमाने-कोंती हा मळा आहे जेमतेम १.८ हेक्टरचा, म्हणजे साडेचार एकरांच्या आत. त्यातल्या वेली जुन्या होत्या आणि फिलोक्सेरा ही मुळं खाणारी कीड त्यांना लागलेली होती. मातीत औषध घालून त्या कशाबशा जगवल्या जात. दुसऱ्या महायुद्धात ते औषध मिळेनासं झालं आणि वेली खंगल्या. १९४५ च्या पिकातून फक्त सहाशे बाटल्या निघाल्या. त्यानंतर वेली उपटून नव्याने लागवड केली गेली आणि १९४६ ते १९५१ या सालांची रोमाने-कोंती बनलीच नाही. जुन्या वेलींची ती शेवटची वाइन. सत्तर वर्षांत त्या सहाशेपैकी कित्येक पिऊन संपल्या. दर बाटली उघडली की शिल्लक एकाने कमी होते, आणि नव्याने बनवण्याची सोय नाही.

पण दुर्मीळ असणं पुरेसं नव्हतं. ही बाटली आली होती रोबेर द्रुअँ यांच्या खासगी तळघरातून. बर्गंडीतल्या बोन गावच्या द्रुअँ घराण्याची पेढी १९२८ ते १९६४ या काळात फ्रान्स आणि बेल्जियममध्ये रोमाने-कोंतीची एकमेव विक्रेती होती. म्हणजे बाटली मळ्यातून थेट विक्रेत्याकडे गेली आणि तिथल्या थंड तळघरात राहिली. मधे कोणी व्यापारी नाही, समुद्रप्रवास नाही, उन्हात तापलेलं गोदाम नाही. जमीन घेताना आपण सातबारा आणि फेरफार तपासतो, तसाच हा बाटलीचा उतारा: कोणाकडून कोणाकडे गेली आणि त्या काळात कुठे, कशी ठेवली होती. लिलावाच्या जगात याला प्रोव्हेनन्स म्हणतात. अंदाज ३२ हजारांचा असताना बोली साडेपाच लाखांवर गेली, त्यात या कोऱ्या उताऱ्याचा वाटा फार मोठा होता.

उतारा नसेल तर काय होतं, याचा धडा त्याच बर्गंडीने दहा वर्षं आधी दिला होता. रोमाने-कोंतीपासून काही किलोमीटरवर मोरे-सँ-दनी गाव आहे. तिथे पोंसो घराणं वाइन बनवतं. एप्रिल २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावाच्या यादीत पोंसोंच्या ‘क्लो सँ-दनी’ या वाइनच्या १९४५ ते १९७१ या सालांच्या बाटल्या आल्या. लेबलं जुनाट, बुचं काळवंडलेली, सगळं मनात भरेल असं. अडचण एकच होती. पोंसो घराण्याने क्लो सँ-दनी बनवायला सुरुवात केली ती १९८० नंतर. घराण्याचे प्रमुख लोराँ पोंसो यांनी हरकत घेतली, स्वतः न्यूयॉर्कला जाऊन लिलावगृहात बसले आणि त्या बाटल्या विक्रीतून काढून घ्यायला लावल्या.

त्या बाटल्या आणणारा होता रूडी कुर्नियावान, इंडोनेशियातून अमेरिकेत आलेला एक तरुण. बड्या संग्राहकांत त्याची ऊठबस होती. जिभेवर चव ठेवून वाइन ओळखण्यात तो खरोखर तरबेज होता. २००६ मधल्या एकाच लिलावात त्याच्या मालाचे २ कोटी ४७ लाख डॉलर आले होते. मार्च २०१२ मध्ये एफबीआयने कॅलिफोर्नियातल्या त्याच्या घरावर छापा घातला, तेव्हा लेबलांचे गठ्ठे, शिक्के, जुनी बुचं, बूच बसवण्याचं यंत्र आणि लेबल सुटावं म्हणून पाण्यात भिजत ठेवलेल्या बाटल्या सापडल्या. स्वस्तातल्या वाइन मिसळून तो जुन्याची चव साधत असे. २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. त्याच्या बाटल्या घेणारे अडाणी नव्हते. कित्येकांनी त्या उघडून, चाखून, वाहवा केली होती. सत्तर वर्षांपूर्वीची वाइन नेमकी कशी लागायला हवी, हे ठामपणे सांगू शकणारी माणसं जगात फार थोडी आहेत. त्यामुळे अस्सलपणाचा निवाडा जिभेवर सोडता येत नाही. तो कागदावरच करावा लागतो: मूळ खरेदीची पावती, गोदामाची नोंद, न उघडलेली लाकडी पेटी.

जाणकार बाटलीही तपासतात, पण मुख्यतः ती कशी ठेवली गेली हे कळावं म्हणून. आधी वाइनची पातळी पाहतात. नव्या बाटलीत ती मानेत, बुचाच्या जरा खाली असते. बुचातून वर्षानुवर्षं थोडी थोडी उडत जाते, म्हणून पन्नास वर्षांच्या बाटलीत पातळी मानेच्या बुडाशी आली तर ते वयाला शोभतं. पण वीस वर्षांच्या बाटलीत ती खांद्यापर्यंत उतरली असेल, तर बाटली तापली किंवा बूच सुकलं असं समजावं. बूच वर सरकून त्यावरची टोपी फुगलेली असेल, तर ती तापल्याची आणखी एक खूण. वाइनला साधारण १२-१३ अंशांचं स्थिर तापमान, दमट हवा आणि अंधार लागतो, आणि बूच ओलं राहावं म्हणून बाटली आडवी ठेवावी लागते. नागपूरच्या मे महिन्यात कपाटात उभी राहिलेली बाटली कितीही नामांकित असली, तरी लिलावगृहाच्या दृष्टीने तिची किंमत संपलेली असते.

म्हणूनच इंग्लंडमध्ये गुंतवणुकीची वाइन घरी नेतच नाहीत. ती बॉण्डेड गोदामात राहते, म्हणजे अबकारी शुल्क आणि व्हॅट भरण्याआधीच्या अवस्थेत. विल्टशायरमधल्या कॉर्शमला जुनी दगडखाण आहे, तिच्या पोटात असं एक मोठं गोदाम चालतं. पेटी तिथून न हलता मालक बदलतात. नोंदवहीत फक्त नाव बदलतं. एकदा पेटी घरी नेली की साखळी तुटली, आणि परत आणली तरी खरेदीदार भाव पाडूनच मागतो.

मग वाढतात तरी कोणत्या बाटल्या? बर्गंडीतले मोजके नामवंत मळे, बोर्दोमधल्या लाफित, लातूर, मार्गोसारख्या चाळीसेक इस्टेटी, काही शॅम्पेन, इटलीतल्या थोड्या. या सगळ्यांत साम्य असं की त्या वीस-तीस वर्षं सुधारत जातात, मर्यादित निघतात आणि त्यांना लंडन-हाँगकाँगमध्ये रोजचा भाव असतो. लंडनच्या लिव्ह-एक्स या बाजारात २००० पासून व्यापारी त्यांचे सौदे करतात. उरलेली वाइन, म्हणजे जगात बनणाऱ्या शंभरातल्या नव्याण्णवांहून अधिक बाटल्या, वर्ष-दोन वर्षांत पिण्यासाठीच बनतात. टॅनिन आणि आम्लता, ज्यांच्या जोरावर वाइन टिकते, ती त्यांच्यात बेतशीरच असतात. कपाटात ठेवल्याने त्या मुरत नाहीत, मरतात. शिवाय वीस वर्षांनी ती विकत घेणारा कोण? दुसऱ्या हाताचा बाजार नाही, तिथे भाव कुठून येणार.

नामांकित बाटलीसुद्धा चुकीच्या भावाला घेतली तर बुडते. बोर्दोची वाइन पिंपात असतानाच, काढणीनंतरच्या वसंतात, आगाऊ विकली जाते आणि बाटल्या हातात यायला दोनेक वर्षं लागतात. २०१० चा हंगाम उत्कृष्ट होता आणि त्याच सुमारास चीनमधून लाफितला प्रचंड मागणी होती. २००८ सालच्या बाटलीवर तर इस्टेटीने चिनी भाषेतला शुभ आठचा आकडा कोरला होता. २०१० ची लाफित २०११ मध्ये चढ्या भावाने बाजारात आली. त्याच वर्षी भाव कोसळायला लागले आणि ज्यांनी आगाऊ पैसे भरले होते, ते वर्षानुवर्षं तोट्यात राहिले. वाइन उत्तम होती. फक्त पुढच्या वाढीचा पैसा उत्पादकाने आधीच घेतला होता. २०२२ च्या अखेरीपासूनही बाजार असाच घसरणीला लागला.

आता साधा हिशेब करू. समजा, लंडनमध्ये कोणी बारा बाटल्यांची पेटी ३,००० पौंडांना घेतली. गोदामभाडं आणि विमा वर्षाला १५ पौंड, म्हणजे दहा वर्षांत १५०. दहा वर्षांनी भाव २० टक्के वाढून ३,६०० झाला. विकताना दलाली १० टक्के धरली तर हातात ३,२४० येतात. भाडं वजा केल्यावर उरतात ३,०९०. दहा वर्षांचा फायदा ९० पौंड, आणि महागाई अजून धरलेलीच नाही. शेअरवर निदान लाभांश मिळतो, मुदत ठेवीवर व्याज. बाटलीवर मधल्या काळात फक्त खर्च असतो.

महाराष्ट्रात बसून हा व्यवहार करायचा तर अडचण आणखी मोठी. परवान्याशिवाय इथे दारू विकता येत नाही, मग ती वाइन का असेना. तेव्हा हौसेने आणलेली बोर्दो पुढे विकायला कायदेशीर वाटच नाही. नाशिक-दिंडोरीकडच्या बहुतेक वाइन ताज्या पिण्यासाठीच बनतात. त्या साठवून भाव येईल या आशेवर राहू नये, लवकर उघडाव्यात.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांना असे फोन आजही येतात. तिथे वाइनच्या नावाने पैसे घेऊन पेटी कधीच न खरेदी केल्याची प्रकरणं कोर्टात गेलेली आहेत. पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: पेटी कोणत्या गोदामात आहे आणि तिचा क्रमांक काय, त्या गोदामाच्या वहीत ती तुमच्या नावावर चढणार की विकणाऱ्याच्या, आणि आज विकायला काढली तर कोणता व्यापारी कोणत्या भावाने घेईल. मग विकणाऱ्याने दिलेला नंबर बाजूला ठेवून गोदामाचा नंबर स्वतः शोधा आणि थेट तिथे विचारा. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर टाळलं गेलं, तर पैसे देऊ नका.