मोहदरी घाट, तापलेले ब्रेक आणि फॉर्म्युला वनची वीज

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना जिथे भरकटलो होतो, तिथे थोडी कात्री लावली आहे.

सिन्नरहून नाशिकला जाताना मोहदरी घाटात एखाद्या भरलेल्या ट्रकच्या मागे अडकलात, तर एक करपट वास येतो. ब्रेकचा. ट्रकच्या अंगातली सगळी धाव तिथे उष्णता होऊन हवेत जात असते. माझी इलेक्ट्रिक स्कूटर त्याच उतारावर थोडी वेगळी वागते. ॲक्सिलरेटर सोडला की मोटर उलटी राबते, जनित्र होते, आणि बॅटरीत थोडी भर पडते. फॉर्म्युला वनच्या गाडीत मुळात हेच चालतं. फक्त तिथे सगळं दोन सेकंदांत उरकायचं असतं आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

जरा हिशेब करू. ड्रायव्हर धरून गाडी समजा ८०० किलोची. सरळ रस्त्यावर ताशी ३२० किलोमीटरने आली आणि वळणासाठी ८० वर उतरली. एवढ्यात तिची जवळपास ३ मेगाज्यूल ऊर्जा कमी होते. महावितरणच्या बिलातलं एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल, तेव्हा हे पाऊण युनिटाहून थोडं जास्त झालं. एका ब्रेकमध्ये!

मग सगळी परत का मिळत नाही? एक तर त्यातला मोठा वाटा समोरची हवाच खाते. दुसरं, २०१४ ते २०२५ च्या नियमांत इंजिनाला जोडलेल्या मोटरला, तिला एमजीयू-के म्हणतात, जास्तीत जास्त १२० किलोवॅटची परवानगी होती. १२० किलोवॅट गुणिले दोन सेकंद म्हणजे ०.२४ मेगाज्यूल. म्हणजे तीनातले पाव मेगाज्यूलसुद्धा नाही! नदीला पूर आलाय आणि आपण तांब्याने पाणी भरतोय, असा प्रकार.

वर मर्यादाही होत्या. ब्रेकमधून एका लॅपला बॅटरीत २ मेगाज्यूलच भरायचे, पण बॅटरीतून त्याच मोटरला ४ द्यायला मुभा. वरचे दोन कुठून आणायचे? त्यासाठी टर्बोच्या दांड्यावर दुसरी मोटर होती, एमजीयू-एच. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम वायूंनी टर्बो फिरतो, त्या फिरण्यातून ती वीज काढायची. तिच्या विजेवर मर्यादा नव्हती. ४ मेगाज्यूल पूर्ण जोराने वापरले तर ३३ सेकंद पुरतात. लॅप असतो साधारण दीड मिनिटाचा, म्हणून वीज कुठे खर्चायची हे आधीच ठरवावं लागतं. चुकलं तर सरळ रस्त्याच्या शेवटी वेग वाढायचा थांबतो. टीव्हीवर ओळखायची खूण म्हणजे मागचा लाल दिवा. सरळ रस्त्यावरच तो लुकलुकायला लागला तर समजा, गाडी वीज खर्चत नाही, साठवतेय.

आता हे बंद पडलं तर? २७ मे २०१८, मोनॅको. रेड बुलचा डॅनियल रिकार्डो पहिला होता आणि ७८ पैकी पन्नासेक लॅप बाकी असताना त्याची एमजीयू-के गेली. १२० किलोवॅट, म्हणजे १६० हॉर्सपॉवर, गायब. पण मला जास्त रंजक वाटतो तो दुसरा त्रास. एमजीयू-के मागच्या चाकांना ओढून धरते, म्हणजे मागच्या ब्रेकचा बराच भार तीच उचलते. म्हणून या गाड्यांत मागचे ब्रेक लहान ठेवतात आणि पायाने किती दाबलं, त्यातलं किती मोटरने आणि किती ब्रेकने करायचं हे संगणक ठरवतो. मोटर गेली की सगळा भार त्या लहान ब्रेकवर. ते तापू लागले, म्हणून रिकार्डोला ब्रेकचा जोर पुढच्या चाकांकडे सरकवावा लागला. तरी तो जिंकला. फेरारीचा व्हेटेल मागेच होता, पण मोनॅकोच्या बोळांत पुढे जायला जागा कुठे? दुसऱ्या एखाद्या ट्रॅकवर त्याचं काही खरं नव्हतं.

एका श्रोत्याने विचारलं होतं, मग मोठी बॅटरी का नाही बसवत? वजन, दुसरं काय! कसारा घाट उतरणारं रेल्वेचं इंजिन ब्रेकची वीज वरच्या तारेत परत सोडतं, त्याला साठवायची चिंता नाही. गाडीला तार नाही. आणि बॅटरी भरलेली असली तर वीज घ्यायला जागाच उरत नाही. घरून पूर्ण चार्ज करून घाट उतरलो की माझ्या स्कूटरचंही असंच होतं, मोटर अडवत नाही आणि ब्रेकवर हात जातो.

२०२६ च्या नियमांनी एमजीयू-एच काढून टाकली आणि एमजीयू-के ३५० किलोवॅटची केली. आपल्या हिशेबात दोन सेकंदांत ०.७ मेगाज्यूल. तांब्याची बादली झाली म्हणा. पण खर्चही त्याच वेगाने होतो: पूर्ण जोरात ४ मेगाज्यूल आता साडेअकरा सेकंदांत संपतात.