निकालपत्राचे टिपण : उदेशी खटल्याच्या आधारे

वाङ्मयीन अश्लीलतेची चर्चा आपल्याकडे निघाली की एका न्यायनिर्णयाचा उल्लेख हमखास होतो. रणजित उदेशी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या फौजदारी अपिलात १९ ऑगस्ट १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा निर्णय दिला. निकालपत्र न्या. हिदायतुल्ला यांनी लिहिले. डी. एच. लॉरेन्स यांच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या कादंबरीवर न्यायालयाने बंदी घातली, असे या निर्णयाविषयी अनेकदा लिहिले जाते. निकालपत्रात तसे काही नाही. तेथे एका पुस्तकविक्रेत्याची दोषसिद्धी कायम झाली आहे, आणि या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाकडून अशी गल्लत होते, याचे कारण निकालपत्राकडे तो समीक्षालेख म्हणून पाहतो आणि कादंबरीविषयीचे मत तेवढे शोधतो. कायद्याचे विद्यार्थी निकालपत्राचे जे चौकटीबद्ध टिपण करतात, त्याची शिस्त येथे उपयोगी पडते. तथ्ये, वादमुद्दा, निर्णय आणि कारणमीमांसा अशी त्याची चार अंगे असतात.

टिपणाला हात घालण्यापूर्वी निकालपत्रात कोण बोलत आहे, हे समासात नोंदवीत जावे. एकाच परिच्छेदात खालच्या न्यायालयाचे मत, वकिलाचा युक्तिवाद, परदेशी निर्णयातील उतारा आणि खुद्द न्यायमूर्तींचे विधान शेजारीशेजारी येते. कादंबरीतील पात्राचे वाक्य आपण लेखकाच्या नावावर घालत नाही. येथेही तोच विवेक हवा. एखादे विधान न्यायालयाचे आहे की केवळ खोडून काढण्यासाठी मांडले आहे, हे पुढील दोनतीन वाक्ये वाचल्याखेरीज ठरवू नये.

पहिले अंग तथ्यांचे. निर्णय ज्यांच्यावाचून उभा राहिला नसता, तेवढीच तथ्ये येथे घ्यायची. आरोपी हा मुंबईतील एका पुस्तकांच्या दुकानाच्या चार भागीदारांपैकी एक होता. डिसेंबर १९५९ मध्ये पोलिसांनी पाठविलेल्या बनावट गिऱ्हाइकाने तेथून या कादंबरीची असंक्षिप्त प्रत विकत घेतली. भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ खाली खटला झाला. बचावपक्षातर्फे मुल्कराज आनंद यांनी कादंबरीच्या वाङ्मयीन मूल्याविषयी साक्ष दिली. दंडाधिकाऱ्यांनी वीस रुपये दंड, व तो न भरल्यास एक आठवड्याची साधी कैद, अशी शिक्षा दिली. उच्च न्यायालयातही आरोपीला यश आले नाही. लॉरेन्स यांचे चरित्र किंवा कथानकाचा सारांश टिपणात नको. ‘असंक्षिप्त’ हा शब्द मात्र गाळून चालणार नाही, कारण आक्षेप घेतलेले उतारे याच आवृत्तीत होते. खटल्याची वाटचाल आणि शिक्षेचे स्वरूप हीसुद्धा तथ्येच. ती लिहिली की ‘बंदी’ हा शब्द आपोआप गळून पडतो.

दुसरे अंग वादमुद्द्याचे. ‘ही कादंबरी अश्लील आहे काय?’ एवढाच प्रश्न लिहिला तर टिपण फसले. मुद्दा असा मांडावा की त्याचे उत्तर हो किंवा नाही असे देता येईल, आणि त्यात कायद्याचे कलमही दिसेल. आरोपीच्या वकिलांनी तीन मुद्दे मांडले होते. कलम २९२ हे संविधानाच्या अनुच्छेद १९ (१) (क) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत म्हणून रद्दबातल आहे काय? कलम वैध असले तरी, त्याचा योग्य अर्थ लावून आणि पुस्तक समग्रपणे वाचून, ही कादंबरी अश्लील ठरते काय? आणि विक्रेत्याला दोषी ठरविण्यासाठी वाचकांना बिघडविण्याचा त्याचा हेतू सिद्ध करावा लागतो काय? न्यायालयाने पहिल्यानंतर तिसरा मुद्दा हातावेगळा केला आणि दुसरा शेवटी घेतला. म्हणून निकालपत्राच्या क्रमावर विसंबू नये. मुद्द्यांना आरंभीच क्रमांक द्यावेत आणि प्रत्येक उत्तर त्या त्या क्रमांकासमोर लिहावे.

तिसरे अंग निर्णयाचे. ते सर्वांत आखूड असावे. पहिला मुद्दा : नाही, सभ्यता व नीतिमत्ता यांसाठी अनुच्छेद १९ (२) जे वाजवी निर्बंध मान्य करतो, त्यांत हे कलम बसते. दुसरा मुद्दा : होय. तिसरा मुद्दा : नाही; पुस्तक अश्लील असल्याचे विक्रेत्याला ठाऊक होते, हे फिर्यादी पक्षाने सिद्ध करण्याची आवश्यकता नाही. अपील फेटाळले.

चौथे अंग कारणमीमांसेचे. येथे थोडे रेंगाळावे. विक्रेत्याच्या ज्ञानाविषयी न्यायालयाचे म्हणणे असे की कलमाच्या शब्दांत ज्ञान हा अपराधाचा घटक केलेला नाही. तो मानला तर विक्रेत्याला जवळजवळ अभेद्य बचाव मिळेल. अज्ञान हे शिक्षा सौम्य करण्यास कारण होऊ शकते, दोषमुक्तीस नव्हे. अश्लीलतेच्या प्रश्नावर न्यायालयाने १८६८ च्या हिक्लिन या इंग्लिश खटल्यातील कसोटी टाकून दिली नाही : ज्यांची मने अशा प्रभावाला खुली आहेत आणि ज्यांच्या हाती पुस्तक पडू शकते, त्यांना भ्रष्ट करण्याची प्रवृत्ती मजकुरात आहे काय? परंतु या कसोटीला त्याने काही जोडही दिली. कलेत लैंगिक विषय किंवा नग्नता असणे एवढ्यानेच अश्लीलता सिद्ध होत नाही. कृती समग्रपणे पाहावी, तथापि आक्षेपार्ह भाग स्वतंत्रपणेही तपासावा. कला व अश्लीलता यांचे मिश्रण असेल, तर कला इतकी वरचढ हवी की अश्लीलता झाकोळून जाईल, किंवा अश्लीलता इतकी क्षुल्लक हवी की ती दुर्लक्षिता येईल. साहित्यिकांची साक्ष या प्रश्नाचा निकाल लावू शकत नाही. पुस्तक कलमाच्या कसोटीवर न्यायालयानेच पारखायचे.

आता या कारणमीमांसेतील पुढील खटल्यांना बांधील ते काय, आणि या एका पुस्तकापुरते काय, हे वेगळे केले पाहिजे. ओळखण्याची खूण अशी की विधानातून लॉरेन्सची कादंबरी वगळून पाहावी. ती वगळूनही विधान उभे राहत असेल आणि निर्णय त्यावाचून कोसळत असेल, तर तो निर्णयाधार. कला व अश्लीलता यांच्या प्रमाणाविषयीचे सूत्र असे उभे राहते. या कादंबरीत कलेचे पारडे तेवढे जड नाही, हे मत मात्र त्या सूत्राचा एका कृतीला झालेला उपयोग आहे. या भेदाची प्रचीती मराठीतच मिळते. चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या कथेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये उदेशी निर्णयातील तत्त्वे समोर ठेवूनच कथा वाचली, आणि उच्च न्यायालयाने केलेली दोषसिद्धी रद्द केली. कसोटी एक, निष्कर्ष दोन. ‘न्यायालय अमुक विषयाला अश्लील मानते’ असे सरसकट विधान करणाऱ्याचे टिपण याच ठिकाणी चुकलेले असते.

टिपणाच्या तळाशी निर्णयाचे पुढे काय झाले, हे एका ओळीत नोंदवावे. एरवी जुना निर्णय आजचा कायदा म्हणून उद्धृत होतो. १९६९ च्या दुरुस्तीने कलम २९२ मध्ये वाङ्मय, कला, विज्ञान वा विद्या यांच्या हितार्थ लोकहिताचे ठरणारे प्रकाशन अपवाद म्हणून आले. २०१४ मध्ये अवीक सरकार विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिक्लिन कसोटी सोडून समकालीन समाजमानकांची कसोटी स्वीकारली. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून हा अपराध तिच्या कलम २९४ मध्ये आहे.

एवढे टिपण एका पानात मावते. निकालपत्रातील वाङ्मयविचार त्यात मावत नाही, हेही खरे. न्यायमूर्तींची कलेविषयीची कल्पना, त्यांनी गृहीत धरलेला वाचक, त्यांच्या गद्याची ढब, हे सारे आपल्या अभ्यासाचेच विषय आहेत. परंतु ते टिपणाबाहेर, स्वतंत्र लेखात मांडावेत. आणि तो लेख लिहिताना हे पान शेजारी असावे.