ऑर्डर फक्त याच नंबरवर

दिवाळीला आठ-दहा दिवस उरलेले असतात. किराणा सामानाच्या पिशवीत बिलाबरोबर एक छापील चिठ्ठी येते. तोच मजकूर दुकानाच्या काउंटरवरही चिकटवलेला असतो:

‘सर्व ग्राहकांना सप्रेम नमस्कार. येत्या सोमवारपासून आपल्या ऑर्डर फक्त दुकानाच्या व्हॉट्सॲप बिझनेस नंबरवर पाठवाव्यात, ही विनंती. मालकांच्या, त्यांच्या मुलाच्या किंवा घरपोच माल आणणाऱ्या मुलाच्या फोनवर पाठवलेली ऑर्डर आमच्याकडून राहून जाऊ शकते. नवा नंबर कृपया सेव्ह करावा. पैसे भरण्याचा क्यूआर कोड जुनाच आहे. शंका वाटल्यास जुन्या नंबरवर फोन करून खात्री करून घ्यावी.’

पहिल्या वाचनात ही चिठ्ठी थोडी कोरडी वाटते. वीस वर्षांच्या गिऱ्हाइकाला ‘इकडे नको, तिकडे पाठवा’ म्हणणं दुकानदारालाही जड जातं. तरीही ती लिहावी लागते, कारण दुकानात वहीची जागा नकळत चार फोनांनी घेतलेली असते. काकूंकडे मालकांचा नंबर असतो, त्यांच्या सुनेकडे मुलाचा, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाकडे सामान आणून देणाऱ्या पोऱ्याचा. जो नंबर हाताशी, त्यावर यादी जाते.

यातून काय घडतं, ते एका घराच्या उदाहरणातून पाहू. समजा, शनिवारी सकाळी सासूबाईंनी मालकांना फोन करून पाच किलो साखर, दोन किलो रवा आणि ‘नेहमीचं तेल’ सांगितलं. दुपारी सुनेने तीच यादी मुलाच्या व्हॉट्सॲपवर पाठवली आणि तिच्यात चिवड्याचे पातळ पोहे वाढवले. संध्याकाळी साखर दोनदा पोहोचली, पोहे आलेच नाहीत. ‘नेहमीचं’ म्हणजे कोणतं तेल, हे फक्त मालकांना ठाऊक, म्हणून दुसऱ्या पिशवीत भलतंच तेल गेलं. परत आणायला मुलगा गेला तेव्हा सोसायटीतल्या आणखी तीन पिशव्या खोळंबल्या. यात हलगर्जी कोणाचीच नव्हती. एका घराची मागणी दोन ठिकाणी नोंदली गेली आणि त्या दोन नोंदी एकमेकींना भेटल्याच नाहीत.

पोऱ्याच्या फोनवर गेलेल्या यादीचं त्याहून वाईट होतं. तो सुट्टीवर गावी गेला की ती यादी त्याच्या खिशातच गावाला जाते.

व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप भारतात २०१८च्या जानेवारीत आलं. ते फुकट आहे आणि दिसायला नेहमीच्या व्हॉट्सॲपसारखंच आहे. एका नंबरावर दोन्ही ॲप चालत नाहीत, म्हणून खासगी गप्पा वेगळ्या ठेवायच्या असतील तर दुकानासाठी दुसरा नंबर लागतो. दुकानाचा लँडलाइन नंबरही चालतो, कारण नोंदणीचा कोड फोन करून सांगितला जाण्याची सोय आहे. एका मुख्य फोनला आणखी चार साधनं जोडता येतात. त्यामुळे काउंटरवरचा संगणक आणि मागे माल बांधणाऱ्याचा फोन, दोन्हीकडे तीच यादी एकाच वेळी दिसते.

मात्र नंबर एक केला की गोंधळ आपोआप संपतो, असं नाही. चॅटच्या यादीत सर्वांत ताजा मेसेज सर्वांत वर येतो, आणि दुकानाच्या दृष्टीने हा क्रम उलटा आहे. ज्याने सकाळी नऊला यादी पाठवून शांतपणे वाट पाहिली, तो दुपारपर्यंत तळाशी जातो. ‘निघालं का सामान?’ असं तिसऱ्यांदा विचारणारा दर वेळी वर येतो. अनुभवी दुकानदार म्हणूनच यादी खालून वर पाहत जातो.

दुसरा धोका न वाचलेल्या मेसेजच्या खुणेचा. जोडलेल्या एका साधनावर कोणी चॅट उघडलं की ती खूण सगळीकडून जाते. मागच्या मुलाला वाटतं मालकांनी पाहिलं, मालकांना वाटतं मुलाने बांधायला घेतलं. यावर उपाय म्हणजे ॲपमधली रंगीत लेबलं. नवी ऑर्डर, पैसे बाकी, पैसे मिळाले, ऑर्डर पूर्ण अशा अर्थाची लेबलं त्यात आधीच तयार असतात, आणि ‘बांधून तयार’ असं आपलं लेबलही करता येतं. चॅट उघडणाऱ्यानेच लेबल लावायचं आणि ‘ऑर्डर मिळाली, संध्याकाळी सातपर्यंत येईल’ असं उत्तर द्यायचं, एवढा एक नियम दुकानात पाळला गेला तर यादी सहसा हरवत नाही. ठरलेली उत्तरं ॲपमध्ये साठवून ठेवता येतात, त्यामुळे दर वेळी टाइप करावं लागत नाही. पण दुकान बंद असताना आपोआप जाणारं उत्तर म्हणजे ऑर्डर स्वीकारल्याची पावती नव्हे. हा फरक ग्राहकाला स्पष्ट सांगावा लागतो.

ग्राहकाच्या बाजूनेही एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो. एक किलो बेसनाचे दोन किलो करता येतात, पण तोवर दुकानात एक किलो मोजून झालेलं असू शकतं, आणि बांधणारा जुनी ओळ पुन्हा वाचायला जात नाही. म्हणून बदल नेहमी नव्या मेसेजने कळवावा.

चिठ्ठीत नंबर सेव्ह करण्याची विनंती का असते? दुकानदार ‘उद्या दुकान बंद’ असा एकच मेसेज ब्रॉडकास्टने अनेकांना पाठवतो, तेव्हा तो ज्यांनी दुकानाचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मिळतो. इतरांकडे तो पोहोचतच नाही, आणि ते बंद शटरसमोर येऊन उभे राहतात.

चिठ्ठीतली सर्वांत महत्त्वाची ओळ मात्र शेवटची आहे. ‘आमचा नंबर बदलला, यापुढे इथेच ऑर्डर आणि पैसे पाठवा’ हा मजकूर एखादा ठगही पाठवू शकतो. प्रोफाइलला दुकानाचं नाव आणि पाटीचा फोटो लावायला कोणालाही पाच मिनिटं पुरतात. म्हणून खरा बदल छापील चिठ्ठीने कळवावा, जुन्या नंबरावरूनही कळवावा, आणि त्याच वेळी क्यूआर कोड बदलू नये. नंबर आणि पैशांचा पत्ता दोन्ही एकदम बदलल्याचा मेसेज अनोळखी नंबरावरून आला, तर दुकानात जाऊन विचारावं. यूपीआयने पैसे भरताना पिन टाकण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं, ते नेहमीचंच आहे ना, हेही पाहावं.

दुकानदारालाही काळजी घ्यावी लागते. नंबर एकच राहिला की तो गेल्यास सगळंच अडतं. नोंदणीचा सहा आकडी कोड कोणालाही न सांगणं, ॲपमध्ये दुहेरी पडताळणीचा पिन लावणं आणि दुकानाच्या सिमचं रिचार्ज न चुकवणं ही त्याची रोजची पथ्यं. बराच काळ बंद राहिलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते, आणि मग गिऱ्हाइकांच्या याद्या परक्या माणसाकडे जाऊ लागतात. हाच धोका जुन्या नंबरालाही आहे, म्हणून तोही निदान वर्षभर चालू ठेवणं शहाणपणाचं.

राहिल्या टाइप न करणाऱ्या आजी. त्यांच्यासाठी कागदावर लिहिलेल्या यादीचा फोटो चालतो, बोलून पाठवलेला मेसेजही चालतो. तेही जमत नसेल तर त्यांनी पूर्वीसारखा फोनच करावा. फोन घेणारा माणूस यादी ऐकता ऐकता ती त्यांच्याच घरातल्या कोणाच्या तरी चॅटमध्ये दुकानाच्या नंबरावरून टाइप करतो आणि खाली लिहितो, ‘आजींनी फोनवर सांगितलेलं सामान, बरोबर आहे ना?’ सुनेला ते ऑफिसात दिसतं, आणि ती पातळ पोहे वाढवते.