रोहयोची मजुरी खरोखर किती वाढली?

राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेत महाराष्ट्रासाठी जाहीर झालेला दर २०१४-१५ साली रोजाला १६८ रुपये होता. २०२३-२४ साली तो २७३ रुपये झाला. नऊ वर्षांत १०५ रुपयांची, म्हणजे साडेबासष्ट टक्क्यांची वाढ.

हे आकडे त्या त्या वर्षीच्या चालू किमतींतले आहेत. पण या नऊ वर्षांत तेल, डाळ, गॅस, एसटीचं तिकीट, सगळंच महागलं. मजुराच्या हाती खरं काय उरलं हे पाहायचं तर दोन्ही आकडे एकाच वर्षाच्या किमतींत मांडावे लागतात. त्यासाठी ग्राहक किंमत निर्देशांक वापरतात. २०१२ च्या किमती १०० धरल्या, तर देशाचा हा निर्देशांक २०१४-१५ मध्ये सरासरी ११८.९ होता, २०२३-२४ मध्ये १८४.१. म्हणून २७३ ला ११८.९ ने गुणायचं आणि १८४.१ ने भागायचं. उत्तर येतं सुमारे १७६ रुपये.

म्हणजे २०१४-१५ च्या किमतींत १६८ चे १७६ झाले. खरी वाढ आठ रुपयांची, पाच टक्क्यांची.

इथे घाईत एक चूक होते. मजुरी ६२.५ टक्के वाढली, महागाई ५४.८ टक्के, म्हणून खरी वाढ ७.७ टक्के, असं वजाबाकीने सांगितलं जातं. एखाद्या वर्षापुरती ही वजाबाकी साधारण चालून जाते. नऊ वर्षांच्या हिशेबात ती वाढ दीडपट फुगवते. इथे भागाकारच करावा लागतो.

वार्षिक दर काढतानाही तेच. ६२.५ ला नऊने भागलं की जवळजवळ सात टक्के येतात, पण दरवर्षीची वाढ आधीच्या वाढीवरही चढते. त्यामुळे १.६२५ चं नववं मूळ काढायचं: १.०५५, म्हणजे वर्षाला साडेपाच टक्के. खऱ्या मजुरीसाठी हाच हिशेब केला तर वर्षाला जेमतेम अर्धा टक्का.

हा अर्धा टक्काही दरवर्षी मिळाला नाही. २०१९-२० मध्ये दर २०६ रुपये होता. २०१४-१५ च्या किमतींत ते १६७ रुपये भरतात, सुरुवातीपेक्षा कमी. पुढच्या वर्षी दर एकदम २३८ झाला आणि खरी मजुरी १८२ वर गेली. तिथून ती पुन्हा १७६ वर उतरली. सुरुवातीचं आणि शेवटचं वर्ष बदललं की वार्षिक दरही बदलतो तो यामुळे.

शिवाय हा निर्देशांक शहर आणि गाव दोन्हींचा मिळून आहे. मजुराच्या घरात खाण्यावरचा खर्च त्याहून मोठा, म्हणून धान्य-भाजी महागली की त्याला बसणारी झळ या आकड्यांपेक्षा जास्त असते.