दिवा लागतो, पण लिक्विड उतरत नाही

संध्याकाळी खिडक्या लागतात, भिंतीवरच्या सॉकेटमध्ये डासांचे मशीन सुरू होते, लाल दिवा लागतो आणि घर निर्धास्त झोपते. पहाटे मात्र पायांवर गांधी उठलेल्या असतात. मग लिक्विडला बोल लावला जातो, नाहीतर ‘आताचे डासच निगरगट्ट’ असे म्हणून विषय संपवला जातो. पुष्कळदा कारण त्याहून साधे असते. रात्रभर त्या मशीनमधून वाफ बाहेर पडलेलीच नसते.

लाल दिव्यावरून हे ओळखता येत नाही. बहुतेक मशीनमध्ये दिव्याला आणि हीटरला वीज वेगवेगळ्या वाटेने मिळते. त्यामुळे दिवा लागला याचा अर्थ एवढाच, की प्लगपर्यंत वीज पोहोचली. हीटर थंडगार असला तरी दिवा खुशाल लागतो. धूर दिसतो की नाही, हीसुद्धा खूण भरवशाची नाही. नीट चालणाऱ्या मशीनची वाफ इतकी विरळ असते, की ती बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतच नाही.

भरवशाची खूण एकच, ती म्हणजे बाटलीतल्या लिक्विडची पातळी. ४५ मिलिलिटरचे रिफिल रोज आठ तास वापरले तर साधारण दीड महिना पुरते. म्हणजे एका रात्रीत जेमतेम १ मिलिलिटर लिक्विड उडते. बाटलीची आतली रुंदी साडेतीन सेंटिमीटर धरली, तर पातळी एका रात्रीत सुमारे १ मिलिमीटरने उतरते. इतका फरक नजरेला कळत नाही, म्हणून मार्करने बाटलीवर पातळीची रेघ मारावी आणि आठवडाभर थांबावे. पातळी रेघेखाली साधारण पेराच्या तिसऱ्या भागाइतकी गेली असेल, तर वाफ निघते आहे. तरीही डास चावत असतील, तर उघडी खिडकी, फार मोठी खोली किंवा वाफ उडवून लावणारा जोराचा पंखा यांकडे पाहावे. आठवड्यानंतरही पातळी रेघेवरच असेल, तर मात्र बिघाड मशीनमध्ये किंवा रिफिलमध्ये आहे.

तो शोधण्यापूर्वी आत काय चालते हे पाहू. बाटलीतल्या द्रवाचा बहुतांश भाग म्हणजे वास काढून टाकलेले, केरोसीनच्या जातीचे द्रावक. ट्रान्सफ्लुथ्रिनसारखे कीटकनाशक त्यात साधारण एक-दीड टक्काच असते. बाटलीच्या तोंडातून एक कडक, सच्छिद्र वात वर आलेली असते. समईच्या वातीत तेल चढते तसे लिक्विड या वातीतून आपोआप वर चढते, फक्त इथे ज्योत नसते. वातीच्या टोकाभोवती मशीनमधले गरम कडे येते. त्या धगीने टोकाजवळचे लिक्विड उडते आणि खालून नवे चढते.

ते कडे तापवते एक छोटी सिरॅमिक चकती. बेरियम टायटनेटवर आधारित या चकतीचा गुण असा, की ती ठरावीक तापमानाला पोहोचली की तिचा विद्युतरोध एकदम वाढतो आणि वीज कमी ओढली जाते. त्यामुळे थर्मोस्टॅट नसतानाही कड्याचे तापमान जवळपास स्थिर राहते, आणि गावाकडे व्होल्टेज थोडे वरखाली झाले तरी फारसा फरक पडत नाही. चकतीला दोन बाजूंनी धातूच्या पट्ट्या दाबून धरतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने पट्टी सैल झाली, तिच्यावर काजळी धरली किंवा चकतीला तडा गेला, की हीटर बंद पडतो. दिवा तेवढा चालू राहतो.

आता एक उदाहरण घेऊ. घरात एकाच कंपनीची, एकाच प्रकारची दोन मशीन आहेत. हॉलमधल्या बाटलीची पातळी रोज उतरते, बेडरूममधली मात्र जागची हलत नाही. दोन्ही प्लग काढून, मशीन थंड होऊ देऊन बाटल्यांची अदलाबदल करावी, नव्या रेघा माराव्यात आणि पाच-सहा रात्री जाऊ द्याव्यात. बेडरूमची बाटली हॉलच्या मशीनमध्ये उतरू लागली, तर ती बाटली निर्दोष आहे. दोष बेडरूमच्या मशीनचा. पण तीच बाटली हॉलच्या चांगल्या मशीनमध्येही ढिम्म राहिली आणि हॉलची बाटली बेडरूममध्ये व्यवस्थित उतरली, तर दोष वातीचा.

मशीनवर संशय आला, की ते अर्धा तास चालू ठेवून वरच्या भोकांच्या दोन-तीन बोटे वर तळहात धरावा. ऊब लागायला हवी. अजिबात लागली नाही, तर आधी दुसरे सॉकेट वापरून पाहावे. तिथेही तेच झाले, तर हीटर गेला असे समजावे.

ऊब लागते आणि तरी पातळी उतरत नाही, तेव्हा बाटली नीट बसली आहे का ते पाहावे. आट्यांची बाटली शेवटपर्यंत फिरवावी लागते, दाबून बसवायची बाटली खट्‌ असा आवाज येईपर्यंत. एखादा आटा तिरका बसला की बाटली अर्ध्यावरच अडते, आणि वातीचे टोक कड्यात न शिरता खाली राहते. काही मिलिमीटरचा हा फरक पुरेसा असतो. वात कड्याच्या मधोमध, चारी बाजूंनी थोडी मोकळी आणि कड्याच्या उंचीपर्यंत आलेली हवी. ती एका बाजूला टेकली, तर तेवढाच भाग जास्त तापतो आणि लवकर करपतो. एका कंपनीची बाटली दुसऱ्या कंपनीच्या मशीनमध्ये कधीकधी बसते, पण वातीची उंची वेगळी असली तर बसूनही उपयोग होत नाही. जमिनीवर आडव्या ठेवलेल्या एक्स्टेन्शन बोर्डात लावल्यास मशीन कलते किंवा आडवे होते. मग लिक्विड गळते आणि हीटरवरही जाऊ शकते. बाटली नेहमी सरळ उभी हवी.

वात तुंबते ती हळूहळू. हलके द्रावक उडून जाते, जड अंश आणि हवेतली धूळ टोकाच्या छिद्रांत साठून करपते. टोक काळे, चिकट किंवा कोरडे दिसू लागते. काही जण ते ब्लेडने कापतात. टोक स्वच्छ दिसते खरे, पण वात आखूड होऊन कड्याच्या खाली राहते आणि वाफ आणखी घटते. रिकाम्या बाटलीत कडुनिंबाचे तेल आणि कापूर भरण्याचा उपायही सर्रास सांगितला जातो. कडुनिंबाचे तेल दाट असते, ते बारीक छिद्रांतून नीट चढत नाही आणि इतक्या उष्णतेला सहज उडतही नाही, म्हणून वात कायमची बुजते. साधे रॉकेल भरणे तर आगीलाच निमंत्रण. तुंबलेल्या वातीवर नवे रिफिल हाच उपाय आहे.

हीटर गेला असेल, तर मशीन उघडून पट्ट्या वाकवण्याच्या किंवा कड्यात सुई घालण्याच्या फंदात कोणी पडू नये. चकतीच्या पट्ट्यांवर थेट २३० व्होल्टची वीज असते आणि मधे संरक्षण नसते. बाटली काढता-घालतानाही आधी प्लग काढावा. घरातले मशीन जुने असेल, तर आज रात्री बाटलीवर एक रेघ मारून ठेवा. पुढच्या आठवड्यात पातळी तिथेच दिसली, तर पहिल्यांदा बाटली नीट बसवून पाहा, मग रिफिल बदला, आणि तरीही ती उतरली नाही तर मशीन टाकून नवे घ्या.