फिबोनाचीच्या रेषा आणि बाजारातली गर्दी

जानेवारी २०२० मध्ये निफ्टी १२,४३० वर होता. २४ मार्चला तो ७,५११ पर्यंत कोसळला. नंतरची उसळी कुठे अडेल, हे पाहायला अनेकजण फिबोनाची रिट्रेसमेंट वापरतात. घसरण ४,९१९ अंकांची. तिचे ३८.२, ५० आणि ६१.८ टक्के तळात मिळवले की ९,३९०, ९,९७० आणि १०,५५० हे टप्पे मिळतात. यातला ५० टक्क्यांचा टप्पा फिबोनाचीच्या संख्यांतून येत नाही, तो सवयीने जोडला गेला आहे.

एप्रिलअखेर निफ्टी ९,८८९ पर्यंत चढला आणि मे महिन्यात खाली आला. पन्नास टक्क्यांची रेषा जवळच होती. पण जानेवारीऐवजी फेब्रुवारीतला सुमारे १२,२५०चा उच्चांक धरला, तर हीच रेषा ९,८८० वर येते आणि अगदी अचूक वाटते. म्हणून टोके आधीच ठरवावीत: ज्या चालीबद्दल बोलतो तिचा ठळक उच्चांक आणि तळ, एकाच कालावधीच्या चार्टवर. उसळी अडल्यानंतर टोक बदलणे म्हणजे स्वतःची फसवणूक.

मग रेषा काम करतात असे का वाटते? हजारो व्यापारी तीच ठळक टोके धरून तेच टप्पे पाहतात. तिथे विक्रीच्या आणि स्टॉप-लॉसच्या ऑर्डरी साचतात, त्यामुळे भाव अडखळू शकतो. मोठी खरेदी आली की ही गर्दी अपुरी पडते: जुलैत निफ्टीने १०,५५० ओलांडला आणि नोव्हेंबरात जुना उच्चांकही मोडला.